शरीरभार निर्देशांक आणि ‘बीएमआय प्राइम’

प्रश्न : उंची १६५ सेंमी, वजन ६६ किलो, बीएमआय २४.२. तपासणी अहवालात ‘बीएमआय प्राइम १.०५’ असे लिहिले आहे. याचा अर्थ शरीरात ५ टक्के चरबी जास्त आहे असा होतो का? कार्यालयातील जर्मन सहकाऱ्याचा बीएमआय २५.५ असूनही त्याचा आकडा १.०२ कसा? – एक वाचक, पुणे

उत्तर : या आकड्याचा चरबीच्या प्रमाणाशी थेट संबंध नाही. बीएमआय म्हणजे किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा अंक असून, त्याला सामान्य वजनाच्या वरच्या मर्यादेने भागले की बीएमआय प्राइम मिळतो. म्हणून १ हीच मर्यादारेषा ठरते. युरोपीय व्यक्तींसाठी ही मर्यादा २५ धरतात. भारतीयांमध्ये मात्र मधुमेहाचा धोका कमी बीएमआयलाच वाढू लागत असल्याने ती २३ मानली जाते. आपले २४.२ भागिले २३ म्हणजे १.०५, तर सहकाऱ्याचे २५.५ भागिले २५ म्हणजे १.०२. आपल्या उंचीला २३ च्या मर्यादेने सुमारे ६२.६ किलो वजन चालते, म्हणजे जादा भार साडेतीन किलोंच्या आसपास आहे, आणि तो घाबरण्याजोगा नाही.

मात्र काही संगणकीय तक्ते सरसकट २५ नेच भागतात आणि तेथे आपला आकडा ०.९७ असा फसवा दिसेल, म्हणून भाजक कोणता हे आधी विचारावे. स्नायू आणि चरबी यांतला भेद या गुणोत्तराला कळत नसल्याने कमरेचा घेरही मोजावा. भारतीय पुरुषांत ९० सेंमी व स्त्रियांत ८० सेंमीच्या पुढे तो गेल्यास रक्तशर्करा तपासून घेणे इष्ट. मुले व गर्भवती यांना हा हिशेब लागू नाही.