कोरा कागद आणि कर्जाचा अर्ज: आराखडा, कच्चं लिखाण आणि दुरुस्ती वेगवेगळ्या बैठकीत करा



आपल्या उंद्रीतून किंवा चिखली तालुक्यातल्या कुठल्याही गावातून कुणी पीएमईजीपी किंवा सीएमईजीपीमध्ये कर्जासाठी अर्ज करायला निघालं की कागदपत्रं जमतात, मशीनचं कोटेशन येतं, आकड्यांची कोष्टकं सीए करून देतो. गाडी अडते ती एका पानावर. ते पान म्हणजे व्यवसायाचं वर्णन. काय करणार, का चालेल, पैसे कसे फेडणार, हे आपल्या शब्दांत लिहायचं असतं. बरेच जण शेवटी दुसऱ्याच्या अहवालातून ते उतरवून घेतात. मग बँकेत साहेबांनी त्यातलाच एक प्रश्न विचारला की उत्तर देता येत नाही, कारण तो विचार आपला नसतोच.

हे पान अडतं कारण आपण एकाच बैठकीत तीन कामं करायला बघतो. काय सांगायचं ते ठरवायचं, ते वाक्यात मांडायचं आणि वाक्य बरोबर आहे का तेही तपासायचं. दुकानात आपण असं करतो का? माल उतरवून घेताना स्टॉक मोजत नाही आणि गिऱ्हाईकही करत नाही. लिहिताना मात्र पहिलं वाक्य अर्धं होतं न होतं तोच आतला तपासनीस म्हणतो, "हे काही बरोबर वाटत नाही." आपण खोडतो. दुसरं सुरू करतो, तेही खोडतो. अर्ध्या तासाने कागद कोरा तो कोराच.

उपाय असा की ही तीन कामं तीन वेगळ्या बैठकांत करायची, शक्यतो तीन वेगळ्या दिवशी. एक उदाहरण घेऊन बघू. समजा तुम्हाला गावात मिनी डाळ मिल टाकायची आहे आणि शेतकऱ्यांची तूर-हरभरा मजुरीवर भरडून द्यायचा आहे. यातले आकडे समजण्यापुरते घेतलेत, तुमचे तुम्ही काढायचे.

पहिली बैठक: आराखडा (२५ मिनिटं)

मोबाईल बाजूला ठेवा. जुन्या बिलाची पाठकोरी बाजू घ्या. या बैठकीत एकही पूर्ण वाक्य लिहायचं नाही, हा एकच नियम. बँकेचा माणूस समोर बसलाय आणि तो काय विचारेल, तेवढंच लिहायचं. एका मुद्द्याला चार-पाच शब्द. उदाहरणार्थ:

१. मी कोण, कामाचा अनुभव
२. आत्ता लोक डाळ कुठं करतात
३. माझ्याकडे का येतील
४. मजुरी किती, काम किती
५. खर्च आणि हप्ता
६. अडचण आली तर काय

आता प्रत्येक मुद्द्यापुढे लिहा की यासाठी कुठला आकडा किंवा कागद लागेल. दुसऱ्या मुद्द्यापुढे "गाडीभाडं विचारणे", चौथ्यापुढे "शेतकऱ्यांना विचारणे". बस, चिठ्ठी घडी करून खिशात ठेवा आणि उठा. लिहायची खुमखुमी आली तरी उठा.

या बैठकीत बिघडतं ते दोन प्रकारे. मुद्द्यांच्या जागी लांब वाक्यं दिसू लागली, तर तुम्ही दुसऱ्या बैठकीचं काम आत्ताच सुरू केलंय. आणि आराखड्याला तिसऱ्यांदा बसायची वेळ आली, तर तुम्ही लिहिणं टाळताय. आहे तो आराखडा घ्या आणि पुढं चला.

दुसरी बैठक: कच्चं लिखाण (४० मिनिटं)

दुसऱ्या दिवशी, शटर उघडायच्या आधी बसा. चिठ्ठी समोर, मोबाईलवर ४० मिनिटांचा गजर. इथला नियम म्हणजे मागं जायचं नाही. खोडायचं नाही, वरचं वाचायचं नाही, शुद्धलेखन बघायचं नाही. आकडा माहीत नसेल तिथं मोकळी रेघ मारून पुढं जायचं. मुद्दा एकपासूनच सुरुवात करायची असंही नाही, जो सोपा वाटेल तो आधी घ्या.

ही मोकळी रेघ फार कामाची आहे, म्हणून लोकमान्य टिळकांचं उदाहरण सांगतो. 'गीतारहस्य'चा पहिला मसुदा त्यांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात, काही महिन्यांत, पेन्सिलीने लिहिला. विषय मात्र त्यांच्या डोक्यात कितीतरी वर्षं घोळत होता. लागणारी सगळी पुस्तकं तुरुंगात मिळत नव्हती, पण त्यासाठी ते अडून बसले नाहीत. मसुदा पूर्ण केला, पुढं सुचेल तशा सुधारणा केल्या, आणि १९१४ मध्ये सुटून आल्यावर राहिलेल्या गोष्टी भरल्या. पुस्तक छापून आलं १९१५ मध्ये. म्हणजे विचार आधी झाला, मसुदा एका झपाट्यात झाला आणि दुरुस्ती नंतर सावकाश झाली. आपलं तर एकच पान आहे. एका गाडीभाड्याच्या आकड्यासाठी ते थांबवायचं कारण नाही.

हाताने सुचतच नसेल तर बोला. विनोबांची 'गीता प्रवचने' १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात बोलली गेली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. बोलणारा वेगळा, लिहिणारा वेगळा. आपल्याकडे मोबाईलच्या कीबोर्डवर माइकचं बटण असतं. भाषा मराठी ठेवा आणि शेजारच्या काकांना समजावून सांगताय तसं बोला. चुका उमटतील, उमटू द्या.

कच्चं लिखाण साधारण असं दिसतं:

"आमच्याकडं तूर हरभरा खूप होतो. लोक तूर विकतात आणि मग डाळ विकत आणतात. काही जण भरडायला बाहेरगावी नेतात, गाडीभाडं ____ लागतं. माझी मिल असली तर इथंच होईल. मजुरी किलोला ____ घेईन. हंगामात महिन्याला ____ क्विंटल होईल, बाकीच्या महिन्यात कमी. चुनी पण विकता येते. मला मशीनचं माहीत आहे, मामाच्या मिलवर दोन हंगाम काम केलंय."

वाचायला ओबडधोबड आहे, पण कागद कोरा राहिला नाही. गजर वाजला की थांबा. उद्या सापडावं म्हणून शेवटी "यापुढं हप्त्याचं लिहायचं" एवढी एक ओळ टाकून ठेवा. मुद्दे राहिले असतील तर दुसऱ्या दिवशी अशीच आणखी एक बैठक घ्या.

ही बैठक बिघडली हे कसं ओळखायचं? ४० मिनिटांनी पहिला परिच्छेद एकदम गुळगुळीत आणि खाली काहीच नाही, असं दिसलं तर समजा की तुम्ही लिहिता लिहिता दुरुस्ती करत होता. मोबाईलवर खोडायच्या बटणाकडे बोट जातच असेल, तर कागद-पेन घ्या.

तिसरी बैठक: दुरुस्ती (एक तास)

मध्ये किमान एक रात्र जाऊ द्या. लिहिल्या लिहिल्या वाचलं तर डोक्यात जे होतं तेच आपल्याला कागदावर दिसतं, सुटलेलं दिसत नाही. या मधल्या वेळात मोकळ्या रेघांचे आकडे गोळा करा. मोबाईलवर लिहिलं असेल तर झेरॉक्सच्या दुकानातून एक प्रिंट काढून आणा आणि लाल पेन घेऊन बसा.

तीन वेळा वाचा आणि दर वेळी एकच गोष्ट बघा. पहिल्या वाचनात फक्त क्रम आणि काटछाट. आपल्या उदाहरणात अनुभव शेवटी आलाय, तो सगळ्यात वर हवा, कारण बँक आधी माणूस बघते. दुसऱ्या वाचनात फक्त आकडे. तिसऱ्या वाचनात भाषा आणि शुद्धलेखन. शुद्धलेखन मुद्दाम शेवटी, कारण जे वाक्य पहिल्या वाचनात कापायचं आहे त्याची वेलांटी सुधारून काय उपयोग?

दुरुस्तीनंतर तेच लिखाण असं होतं:

"मी मामाच्या डाळ मिलवर दोन हंगाम काम केले आहे. परिसरातील शेतकरी घरची तूर व हरभरा भरडण्यासाठी बाहेरगावी नेतात. एका खेपेला सुमारे ४०० रुपये गाडीभाडे जाते. गावातच सोय झाल्यास हा खर्च वाचेल. मी किलोमागे ८ रुपये मजुरी घेणार आहे. हंगामाच्या पाच महिन्यांत दरमहा ४० क्विंटल आणि उरलेल्या सात महिन्यांत दरमहा १० क्विंटल काम मिळेल, असा अंदाज ३० शेतकऱ्यांना विचारून काढला आहे."

आता दुसऱ्या वाचनातला आकड्यांचा हिशेब करा. हंगामात ४० क्विंटल म्हणजे ४,००० किलो, मजुरी ३२,००० रुपये. बाकीच्या महिन्यांत १,००० किलो, म्हणजे ८,००० रुपये. हप्ता समजा ९,००० रुपये आहे. म्हणजे वर्षातले सात महिने लाईट बिल धरायच्या आधीच हप्ता निघत नाही! हे भोक लिहिताना दिसलं नव्हतं, दुरुस्तीला बसल्यावर दिसलं. बँकेच्या टेबलावर ते दुसऱ्या कुणी दाखवण्यापेक्षा आत्ताच दिसलेलं बरं.

अशा वेळी काय करायचं हे नीट लक्षात घ्या. दुरुस्तीच्या बैठकीत घाईने एक छान वाक्य ठोकून भोक बुजवायचं नाही. लाल पेनाने खूण करा आणि त्या एका मुद्द्यासाठी पुन्हा पहिल्या बैठकीला जा: "मंदीच्या महिन्यांत उत्पन्न कुठून?" कदाचित हंगामातली रक्कम हप्त्यासाठी बाजूला ठेवायची. कदाचित तूर विकत घेऊन स्वतःची डाळ पाकिटात विकायची, पण मग खेळतं भांडवल वाढेल. आधी ठरवा, मग चार ओळी कच्च्या लिहा, मग तपासा. भाषा सुधारता येते, पण जो विचार झालाच नाही तो दुरुस्तीत येत नाही.

कुठं हे लागत नाही

गिऱ्हाईकाला "माल आलाय, घेऊन जा" असा दोन ओळींचा निरोप द्यायला तीन बैठका नकोत. पत्रक, दुकानाची माहिती, व्हिडिओची स्क्रिप्ट, कर्जाचं पान, म्हणजे जिथं अर्ध्या पानापेक्षा जास्त लिहायचंय तिथं हे वापरा. आणि अर्ज आजच द्यायचा असेल तर? तरी क्रम तोच ठेवा. सकाळी १० मिनिटं चिठ्ठी, दुपारी अर्धा तास कच्चं, मग दोन-तीन तास दुकानाचं काम आणि संध्याकाळी दुरुस्ती. रात्र मिळाली नाही तरी मधली मोकळी वेळ सोडू नका.

आज रात्री दुकान बंद केल्यावर एक पाठकोरं बिल घ्या आणि बँकेचे सहा प्रश्न लिहा. उत्तरं आज लिहायची नाहीत. भेटूया पुढच्या भागात.