तलवारींची पानं आणि त्याचा अबोला

पहूर

चि. सोनूस,


काल वहिनीचा फोन आला. बोलताना तिचा आवाज कापत होता. तू म्हणे टॅरोच्या पानांवर तलवारी पडल्या म्हणून साखरपुडा मोडायचा निरोप लिहून ठेवलास, फक्त पाठवायचा बाकी आहे. सोनूनं त्याला काही विचारलं का, असं मी वहिनीला विचारलं, तर म्हणाली, नाही. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. पानं तुला मीच शिकवली, म्हणून आज रागावते आहे.

तू वहिनीला पाठवलेला मांडणीचा फोटो मी मागवून घेतला. ‘मी’च्या जागी तलवारींची दुर्री, ‘तो’च्या जागी अठ्ठी, ‘दोघांमध्ये’ नव्वी. यावरून तू ठरवलंस की तो फसवतोय. अगं, चित्रं तरी नीट बघ. ही चित्रं पामेला कोलमन स्मिथनं काढली, 1909 साली लंडनमध्ये छापली गेली, आणि त्यांतल्या माणसांचे डोळे बघण्यासारखे आहेत. दुर्रीतल्या बाईच्या डोळ्यांवर पट्टी आहे. अठ्ठीतलीच्याही आहे. नव्वीतली व्यक्ती अंथरुणात उठून बसलीय आणि तिनं तोंड ओंजळीत झाकलंय. तिन्ही पानांत कुणालाच काही दिसत नाहीये. तलवारी म्हणजे विचार आणि शब्द. म्हणजे मांडणी एवढंच सांगतेय की इथं कुणाला काही ठाऊक नाही आणि सगळे मनातल्या मनात कुढताहेत. फसवणुकीसाठी आपण सत्ती बघतो, तो तलवारी घेऊन चोरपावलांनी निघालेला माणूस. तो इथं आलेलाच नाही. नव्वीतल्या नऊही तलवारी भिंतीवर आहेत, अंगाला एकही लागलेली नाही. अठ्ठीतल्या बाईचे पाय मोकळे आहेत आणि समोरची वाट उघडी आहे.

आणि ‘तो’च्या जागी पडलेलं पान त्याचं मन दाखवतं, हे तुला कुणी सांगितलं? पानं पिसणारे हात तुझे, प्रश्न तुझा. त्या जागी तुला वाटणारा तो असतो. त्याच मांडणीत पेल्यांची दुर्री पण होती, दोघं समोरासमोर उभी असलेली. तिच्याकडे तू बघितलंसुद्धा नाहीस. ती आली म्हणून सगळं छान आहे असं मी म्हणणार नाही, पण भ्यालेला माणूस आपल्या भीतीचीच पानं तेवढी वाचतो.

शिवाय तू रोज रात्री मांडतेस म्हणे. 78 पानांत तलवारी 14. पाच पानं काढली तर त्यांत तीन किंवा जास्त तलवारी साधारण सव्वीस मांडण्यांत एकदा येतात. महिनाभर रोज मांडलं तर एखाद्या रात्री त्या पडायचीच शक्यता जास्त, आणि नेमकी तीच रात्र तुझ्या लक्षात राहणार. भेंडवळची घटमांडणीसुद्धा वर्षातून एकदाच होते, आखाजीला, आणि ती दुसऱ्या दिवशी पहाटे बघतात. एका प्रश्नाला एक मांडणी, दुसरी नाही.

तो आठ-आठ दिवस बोलत नाही आणि मग मध्यरात्री लाडाचा निरोप टाकतो, हे मलाही आवडलेलं नाही. रात्रपाळीमुळे असेल, घरात काही बिनसलं असेल, किंवा त्याचं मन खरंच उडालं असेल. तिन्हींत बाहेरून सारखंच दिसतं, आणि पानांना यातलं एकही वेगळं काढता येत नाही. विचारल्यावरच कळतं.

माझं तुला माहीत आहे. शेंदुर्णीचं ते स्थळ. इकडून छोटी गाडी जायची, प्रवास फार नव्हता. पत्रं यायची थांबली आणि मी नकार समजून बसले. त्याचे वडील अंथरुणाला खिळले होते हे मला फार उशिरा कळलं, तोवर दोघांचीही लग्नं दुसरीकडे होऊन गेली होती. माझा संसार चांगलाच झाला, तक्रार नाही. पण ते न विचारलेलं अजून टोचतं गं.

तेव्हा तो निरोप पुसून टाक. त्याच्या सुट्टीच्या दिवशी फोन कर, लिहू नकोस. एवढंच म्हण, ‘तू गप्प राहिलास की मला भीती वाटते. काय चाललंय ते सांग.’ मग थांब. आठवडाभरात त्यानं धड उत्तर दिलं नाही, किंवा गप्प राहून तुलाच गुन्हेगार ठरवू लागला, तर तेच त्याचं उत्तर धर. मग साखरपुडा मोडलास तरी मी तुझ्या बाजूनं उभी आहे, दादाला मी समजावेन.

जास्त बोलले असेन तर मनात धरू नकोस, माय. तू लहानपणी तापात माझाच पदर धरून झोपायचीस, ते मला अजून तसंच वाटतं. पानं कपड्यात गुंडाळून ठेव आणि आज वेळेवर जेव. झोप आली नाही तर कितीही वाजता मला फोन कर, मी जागीच असते. आखाजीला मात्र नक्की ये. तुझ्या आवडीच्या सांजोऱ्या करते. एकटी आलीस तरी ये, त्याला घेऊन आलीस तरी ये.

तुझी,
आत्या