रिले बंद करताना ट्रान्झिस्टर का जातो?

गेल्या वर्षी बारावीच्या दोन मुलींनी विज्ञान प्रदर्शनासाठी टाकी भरली की आपोआप थांबणारा छोटा पंप करायला घेतला. सेन्सर, त्याच्यापुढे बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, ट्रान्झिस्टरला जोडलेला १२ व्होल्टचा रिले, आणि रिलेवर पंप. सर्किट चालायचं, पण काही वेळा चालू-बंद केलं की ट्रान्झिस्टर जायचा. "सर, हा तिसरा गेला," म्हणत त्या प्रयोगशाळेत आल्या, तेव्हा प्रदर्शनाला चार दिवस उरले होते.

मी आधी नेहमीचाच अंदाज केला, धारा जास्त होत असेल. मोजून बघितली. रिलेच्या कॉइलचा रोध ४०० ओहम, म्हणजे १२ व्होल्टला ३० मिलिअँपिअर. हा ट्रान्झिस्टर १०० मिलिअँपिअर आरामात घेतो. मग त्यांच्यातली एक म्हणाली, "सर, चालू करताना काही होत नाही. बंद करताना जातो." हे निरीक्षण माझ्या अंदाजापेक्षा कितीतरी चांगलं होतं.

आपण वर्गात स्वयंप्रवर्तन शिकवताना 'कॉइल धारेतल्या बदलाला विरोध करते' एवढं वाक्य लिहून देतो आणि पुढे जातो. मुलं ते पाठ करतात. पण विरोध कशाच्या बळावर करते? इथे ऊर्जेकडून गेलं तर गोष्ट लवकर उलगडते.

आधी चालू करतानाचा भाग बघू. कॉइलचा इंडक्टन्स आपण ०.५ हेन्री धरू. (प्रत्येक रिलेचा वेगळा असतो. शिवाय पट्टी ओढली गेली की लोखंडातली फट कमी होते आणि तो वाढतो. हिशोबापुरता ०.५ पुरे.) ट्रान्झिस्टर सुरू झाला की कॉइलवर १२ व्होल्ट येतात. धारा किती वेगाने वाढेल ते हे सूत्र सांगतं:

V = L × (ΔI / Δt)

१२ भागिले ०.५, म्हणजे सेकंदाला २४ अँपिअर. ऐकायला खूप वाटतं, पण एका मिलिसेकंदात ते २४ मिलिअँपिअरच होतात. धारा वाढेल तसा काही विभवांतर तारेच्या रोधात खर्च होतो, म्हणून वाढ मंदावत जाते. सव्वा मिलिसेकंदाला धारा १९ मिलिअँपिअरच्या आसपास असते आणि साधारण सहा मिलिसेकंदांत ३० ला टेकते.

या सहा मिलिसेकंदांत बॅटरी दोन ठिकाणी ऊर्जा देत असते. काही तार तापवण्यात जाते, काही कॉइलभोवतीचं चुंबकीय क्षेत्र उभं करण्यात. धारा ३० वर स्थिर झाली की क्षेत्राला नवीन काही लागत नाही, त्यानंतर बॅटरीकडून येणारं सगळं उष्णतेत जातं. क्षेत्रात तोवर साठलेली ऊर्जा मात्र तशीच राहते:

E = ½ L I² = ½ × 0.5 × (0.03)² = 0.000225 J

सुमारे ०.२ मिलिज्यूल. अगदी किरकोळ. पण ती आहे, आणि धारा शून्य करायची तर तिला कुठेतरी जावंच लागेल. धारा क्षणात शून्य होणं म्हणजे ही सगळी ऊर्जा शून्य वेळात बाहेर पडणं, म्हणजेच अनंत शक्ती. तसं होऊ शकत नाही. चालू करतानाही तेच: शून्य वेळात तेवढी ऊर्जा आत घालणारी बॅटरी नसते.

ही ऊर्जा वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या वेगात असेल असं बऱ्याच मुलांना वाटतं. मलाही शिकताना वाटायचं. नळ पटकन बंद केला की पाइप धडकतो, ते उदाहरण आपणच देतो ना! ते चांगलंच आहे, पण तिथे ऊर्जा पाण्याच्या हालचालीत असते, आणि इथे उदाहरण अपुरं पडतं. मुलींना मी सांगितलं, रिले काढा आणि त्या जागी साधा ४०० ओहमचा रेझिस्टर लावा. धारा तीच, ३० मिलिअँपिअर. पन्नास वेळा चालू-बंद केलं, ट्रान्झिस्टर शाबूत. ऊर्जा नुसत्या वाहण्यात असती तर इथेही काहीतरी व्हायला हवं होतं. फरक फक्त वेढ्यांचा आणि लोखंडी गाभ्याचा, म्हणजे चुंबकीय क्षेत्राचा.

आता बंद करताना. ट्रान्झिस्टर वाट तोडतो, पण कॉइलमधली धारा त्या क्षणी अजून ३० मिलिअँपिअरच आहे. समजा ट्रान्झिस्टरने ती एका मायक्रोसेकंदात शून्यावर आणायचा प्रयत्न केला. तेच सूत्र: ०.५ गुणिले ०.०३ भागिले दशलक्षांश सेकंद, १५,००० व्होल्ट! एवढे प्रत्यक्षात येत नाहीत, कारण त्याच्या आधीच काहीतरी हार मानतं. साध्या स्विचमध्ये हवा हार मानते आणि ठिणगी दिसते. इथे ट्रान्झिस्टर हार मानतो. बीसी ५४७ ची कलेक्टर-एमिटर मर्यादा ४५ व्होल्टची आहे. ती ओलांडली की कॉइलची ऊर्जा त्याच्या आत बारीकशा जागेत उष्णता होऊन उतरते. कधी पहिल्याच खेपेला जातो, कधी शंभराव्या.

हे डोळ्यांनी दाखवता येतं. रिलेच्या कॉइलच्या दोन टोकांना स्विचबोर्डवरचा छोटा निऑन इंडिकेटर जोडा, आणि १२ व्होल्टची बॅटरी पुश-बटणातून द्या. खोली थोडी अंधारी करा. बटण दाबलं की निऑन काहीच करत नाही, कारण त्याला पेटायला साठ-नव्वद व्होल्ट तरी लागतात. बटण सोडलं की क्षणभर नारिंगी चमकतो. बॅटरी तर १२ चीच आहे! नीट बघितलं तर बॅटरीच्या धन टोकाकडची तारच चमकते. निऑनमध्ये चमकते ती ऋण बाजूची तार, म्हणजे कॉइलचं विभवांतर उलटं झालं. धारा मात्र कॉइलमधून त्याच दिशेने चालू आहे, फक्त आता तिला ढकलणारी बॅटरी नसून कॉइल आहे. (कॉइलची टोकं बोटांत धरून हा प्रयोग करू देऊ नका, आणि घरच्या विजेवर तर मुळीच नाही.)

मुलींच्या सर्किटवर उपाय एका डायोडचा होता. १ एन ४००७ कॉइलला समांतर, पट्ट्याची बाजू बॅटरीच्या धन टोकाकडे. चालू असताना डायोड गप्प असतो. ट्रान्झिस्टर बंद झाला की कॉइलची धारा डायोडमधून फिरते, कलेक्टरवर पावणेतेरा व्होल्टपेक्षा जास्त येत नाही आणि ०.२ मिलिज्यूल कॉइलच्याच तारेत उष्णता होऊन संपतात. उलटा लावला तर ट्रान्झिस्टर सुरू होताच बॅटरी डायोडमधून जवळपास शॉर्ट होते. दोघींनी पहिल्यांदा नेमका तसाच लावला. चौथा ट्रान्झिस्टर असा गेला.

डायोडची एक किंमतही आहे. धारा आता सावकाश ओसरते, म्हणून रिले काही मिलिसेकंद उशिरा सुटतो आणि त्याचे संपर्क हळू उघडतात. पंपाला त्याने फरक पडला नाही. जिथे पडतो तिथे डायोडसोबत ओळीत एक झेनर लावतात. कॉइलवर जास्त व्होल्ट येऊ दिले की धारा तितक्याच लवकर उतरते. मात्र ते व्होल्ट आणि बॅटरीचे १२ मिळून ट्रान्झिस्टरच्या ४५ च्या आत बसतील असाच झेनर निवडायचा.