मोसंबी लावण्याआधी कंबरभर खाली बघ

जालन्याला जाऊन मोसंबीची रोपं सांगून आलास, बरं केलंस लेकरा. आता विहिरीपासून दहा पावलांवर खणून ठेवलेल्या या खड्ड्यात उतर. पँट मळेल, मळू दे. रोप दिसतं वर, निकाल लागतो कंबरेखाली.

१. आधी खड्ड्याची उन्हाकडची भिंत खुरप्यानं वरून खाली हलकी खरवडून घे — टिकावाच्या घावानं ओल्या मातीवर लेप बसतो आणि सगळे थर एकसारखे दिसायला लागतात.

२. वरचा हा वीतभर पिवळसर, खडबडीत थर रानाचा नव्हे, विहीर खणताना बाहेर टाकलेला मुरूम आहे. म्हणून विहिरीजवळची, बांधालगतची किंवा उकिरड्याखालची माती तपासणीला देऊ नकोस — ती रानाची खबर देत नाही, माणसाच्या उठाठेवीची देते.

३. त्याखाली काळी, भुसभुशीत माती लागली ना, तिथून आपलं रान सुरू होतं. एक ढेकूळ चिमटीत दाबून बघ. दाणेदार फुटलं तर शेणखत मुरलंय, आणि बोटाला चिकटून त्याची वडीच झाली तर आज औत घालायचं नाही — ओली काळी नांगरली की तिची ढेकळं वर्षभर फुटत नाहीत.

४. आता खुरप्याचं टोक वरून खाली भिंतीत टोचत जा. नांगराचा फाळ पोचतो तिथंच ते अडेल, आणि मुळंही तिथवर सरळ येऊन आडवी वळलेली दिसतील — ओल्या रानात वर्षानुवर्षं ट्रॅक्टर फिरला की फाळाखाली असा दगडी थर बसतो.

५. तो थर फोडायला सबसॉयलर घालशील, तर भर उन्हाळ्यात, जमीन भेगाळलेली असताना घाल — कोरडी माती तडकते, ओली नुसती कापली जाते आणि पुन्हा मिटते. पावसाळ्यात धीर धर, उन्हाळ्यात पहार धर.

६. गुडघ्याच्या खाली मातीला तिरक्या, मेण चोपडल्यासारख्या चकचकीत पाठी दिसतात, त्यावरून बोट फिरव — काळी माती पावसात फुगते, तिला जागा पुरत नाही, मग तिचेच गठ्ठे एकमेकांवर घासत सरकतात.

७. या चकचकीत थरात वीतभर खळगा कर, पाण्यानं भर, जिरलं की पुन्हा भर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघ. पाणी तसंच उभं दिसलं तर तिथं मोसंबी नको, कापूस-हरभराच बरा — मोसंबीच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, तुंबलेल्या जागी ती कुजतात.

८. त्याखाली पांढरे, हरभऱ्याएवढे खडे दिसतात ती चुनखडी. खडे बाजूला काढ, नुसत्या मातीच्या चिमटीवर लिंबू पिळ आणि कानाजवळ धर. मातीच फसफसली तर चुना तिच्यात भिनलाय — खड्यांपेक्षा पिठासारखा मिसळलेला चुना वाईट, तो झाडाला लोह मिळू देत नाही.

९. तसं झालं की मोसंबीची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोहाची फवारणी केलीस तर रंग थोडे दिवस परत येईल, पण चुना जागचा हलत नाही — म्हणून लिंबाचा खर्च लावणीच्या आधी करायचा.

१०. तळाशी मुरूम लागला, आता विहिरीत डोकावून बघ: तोच मुरूम खाली जातो, मग काळा पाषाण, आणि त्याच्या सांध्यांतून पाण्याचे ओघळ. झाडाला कंबरभर माती आणि खाली असा फुटका मुरूम मिळाला की बरं — जास्तीचं पाणी त्यातून निघून जातं.

११. एवढ्यावर निकाल देऊ नकोस. चढाकडं एक आणि ओढ्याकडं एक असे आणखी दोन खड्डे घे — चढाची माती वाहून खाली येते, म्हणून वर हातभरावर मुरूम लागतो आणि खाली पुरुषभर काळी निघते.

१२. तपासणीची माती त्या दोन खड्ड्यांतून वेगवेगळी दे: वरच्या ३० सेंटिमीटरची एक पिशवी, ३० ते ६०ची दुसरी, ६० ते ९०ची तिसरी, आणि चिठ्ठीवर ‘मोसंबीसाठी’ लिहून चुना किती ते आवर्जून विचार — तिन्ही एकत्र कालवलीस तर खालचा चुना वरच्या मातीत लपून जातो.

१३. काम झालं की खड्डे बुजव, खालची माती खाली, वरची वर — उघड्या खड्ड्यात रात्री जनावर पडतं, आणि काळीची भिंत पावसात कुणाला न विचारता ढासळते.

आता नर्सरीवाल्याला फोन लाव. रोपं रद्द करू नकोस, नुसती थांबव. किती लागतील ते अहवाल आल्यावर सांगू म्हणावं.