दर सांगण्याआधी डिस्चार्ज कार्ड मागवा

कोथरूडमधल्या एका काकांना पक्षाघातानंतर नाकातून नळी घातली होती. न्यू जर्सीतल्या त्यांच्या मुलीने एका ब्युरोची ‘प्रशिक्षित नर्स, चोवीस तास’ ही जाहिरात पाहिली आणि तिथूनच पैसे भरले. आलेल्या मावशी प्रेमळ होत्या. अंग पुसणं, कूस बदलणं त्यांना छान जमायचं. पण नळीतून अन्न देताना रुग्णाची पाठ उंच करून बसवावं लागतं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. अन्न फुप्फुसात गेलं, न्यूमोनिया झाला. पुन्हा घरी सोडल्यावर मुलीने आमच्या ब्युरोला फोन केला. तिचा पहिला प्रश्न होता, “येणाऱ्या बाई नक्की काय शिकलेल्या आहेत?”

परदेशातल्या मुलांपर्यंत सेवा पोहोचवायची तर जाहिरातीतच या प्रश्नाचं उत्तर हवं. आमच्या दरपत्रकात आता अटेंडंट आणि नर्स वेगळ्या आहेत आणि दोघींची कामंही लिहिलेली आहेत. आंघोळ, भरवणं, डायपर, कूस बदलणं अटेंडंटकडे. नळी-कॅथेटर बदलणं, इंजेक्शन, जखमेचं ड्रेसिंग नर्सकडे. नर्स एएनएम आहे की जीएनएम, हे आम्ही सांगतो आणि तिचा नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांकही कळवतो.

फोनवर दर सांगायची घाई करू नका. आधी डिस्चार्ज कार्ड मागवा. “बाबांना फक्त सोबत हवी,” असं मुलगा मनापासून म्हणतो आणि कार्डावर दोन वेळचं इन्सुलिन असतं. त्यानंतर घरी जाऊन प्रत्यक्ष आईवडिलांशी बोला. पैसे मुलं भरत असली तरी परकी बाई घरात वावरणार ती यांच्या. आजींना स्वयंपाकघरात कुणी आलेलं चालत नसेल, तर ते अॅडव्हान्स घेण्याआधी कळलेलं बरं.

काकांना चोवीस तास नर्सची गरज नव्हती. सुरुवातीचे काही दिवस नर्स राहिली, तिने अटेंडंटला आणि काकूंना नळीतून अन्न द्यायला शिकवलं. पुढे दिवसरात्र बारा-बारा तासांच्या दोन अटेंडंट आणि नळी-कॅथेटर बदलायला व तपासणीला नर्सची फेरी, एवढं पुरलं. मुलीचा खर्चही कमी झाला. कमी सेवेत भागत असेल, तर ते आपण होऊन सांगावं. तिच्या मैत्रिणींचे फोन त्यानंतरच यायला लागले. म्हणूनच एकट्या म्हाताऱ्यांचे केविलवाणे फोटो टाकून घाबरवणाऱ्या जाहिराती मला मुळीच पटत नाहीत.

जे करणार नाही तेही करारात लिहा. अँब्युलन्स बोलावू, सोबत जाऊ; पण रुग्णालयात संमतीची सही आम्ही करणार नाही. त्यासाठी जवळच राहणारा एक नातेवाईक किंवा शेजारी मुलीकडून आधीच ठरवून घ्या, त्याच्याशी स्वतः बोला.

रोजचा निरोप आम्ही रात्री साडेआठला पाठवतो. तेव्हा न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे अकरा, हिवाळ्यात दहा वाजलेले असतात. ‘तब्येत बरी आहे’ एवढ्यावर भागवत नाही. किती अन्न गेलं, लघवी किती झाली, ताप किती, पाठीवर कुठे लाली दिसते का, हे लिहितो. लाली दिसली तर त्याच दिवशी नर्स पाठवतो आणि तसं मुलीला कळवतो.