इंजिनच्या पायाचे काँक्रीट : बोल्टच्या खाचा वजा करून हिशेब कसा करावा?

विहिरीवर किंवा गिरणीसाठी डिझेल इंजिन बसवताना पायाचे काँक्रीट एकाच दिवसात, न थांबता भरावे लागते. त्यासाठी साहित्याचा हिशेब आधीच बिनचूक हवा. एका बागायतदाराकडे पाया वरून एक वीतभर कमी पडला. सिमेंट दुसऱ्या दिवशी आणून तो पुरा केला. पण जुन्या व नव्या काँक्रीटचा सांधा इंजिनच्या हादऱ्याने वर्षभरात उकलला. चूक होती ती फक्त दशांश चिन्हाची, आणि तीही बोल्टच्या खाचा वजा करताना झालेली.

पायाची लांबी, रुंदी व खोली इंजिनसोबत मिळालेल्या नकाशावरून घ्यावी. आपण एक उदाहरण घेऊ. लांबी १.२० मीटर, रुंदी ०.९० मीटर, खोली ०.७५ मीटर. बोल्टसाठी १० × १० सेंटीमीटरच्या व ४५ सेंटीमीटर खोल अशा ४ खाचा.

पूर्ण ठोकळा : १.२० × ०.९० × ०.७५ = ०.८१० घनमीटर
एक खाच : ०.१० × ०.१० × ०.४५ = ०.००४५ घनमीटर
चार खाचा : ०.०१८ घनमीटर
भरावयाचे काँक्रीट : ०.८१० - ०.०१८ = ०.७९२ घनमीटर

वर सांगितलेल्या बागायतदाराने एक खाच ०.०४५ घनमीटर धरली. त्यामुळे ०.०१८ ऐवजी ०.१८ घनमीटर वजा झाले आणि ठोकळ्याची उंची १५ सेंटीमीटरने घटली. पडताळा सोपा आहे. खाचेचे माप लिटरमध्ये काढावे. १० × १० × ४५ म्हणजे ४५०० घन सेंटीमीटर, म्हणजेच साडेचार लिटर. चार खाचांचे मिळून १८ लिटर, म्हणजे जेमतेम एक बादली. एका बादलीसाठी सिमेंटची अख्खी थैली कमी होत असेल, तर हिशेब चुकला आहे असे समजावे.

आता साहित्य पाहू. कोरडे सिमेंट, वाळू व खडी कालवल्यावर आकसतात, म्हणून ओल्या काँक्रीटच्या सुमारे १.५४ पट कोरडे साहित्य धरतात. ०.७९२ × १.५४ = १.२२ घनमीटर. मिश्रण १:२:४ असल्यास याचे ७ भाग करावेत. सिमेंटचा एक भाग १७४ लिटर येतो. ५० किलोची थैली सुमारे ३५ लिटर भरते, म्हणून ५ थैल्या. वाळू ३५० लिटर (साधारण सव्वाबारा घनफूट) आणि खडी ७०० लिटर (सुमारे पावणेपंचवीस घनफूट) लागेल. मोजण्यासाठी आतून ३० × ३० × ३९ सेंटीमीटरचा लाकडी फर्मा करावा; तो ३५ लिटरचा होतो. दर थैलीस २ फर्मे वाळू व ४ फर्मे खडी घ्यावी.

वजा केलेल्या खाचा पुढे भरायच्याच असतात, हे विसरू नये. त्या काँक्रीटने नव्हे, तर इंजिन जागेवर बसवून, पातळी साधून, १:२ सिमेंट-वाळूच्या मसाल्याने भराव्यात. त्याचबरोबर इंजिनच्या बैठकीखाली अडीच सेंटीमीटरचा थर द्यावा. बैठक ९० × ६० सेंटीमीटर असेल तर तो साडेतेरा लिटर होतो. खाचांचे १८ मिळवून एकूण साडेएकतीस लिटर. कोरडे साहित्य एक तृतीयांश जास्त, म्हणजे ४२ लिटर धरावे. त्यात सिमेंट १४ लिटर (सुमारे २० किलो) आणि वाळू २८ लिटर. म्हणून एकूण ६ थैल्या आणाव्यात. सहावी थैली कोरड्या जागी ठेवावी; ती ठोकळ्यात घालू नये.

खड्डा खणून झाल्यावर मापे पुन्हा घ्यावीत. खड्ड्याच्या भिंतींनाच काँक्रीट लावणार असाल आणि चारही बाजूंनी ५ सेंटीमीटर जास्त खणले गेले असेल, तर ठोकळा ०.९७५ घनमीटरचा होतो व आणखी एक थैली लागते. खाली पातळ काँक्रीटचा थर घातला असेल, तर तो पायाच्या खोलीत धरू नये.

खाचांच्या लाकडी पेट्यांना तेल लावावे, काँक्रीट घट्ट होऊ लागताच त्या जरा हलवून सैल कराव्यात व दुसऱ्या दिवशी काढाव्यात. खाचेच्या बाजू खडबडीत ठेवाव्यात. ठोकळ्यावर किमान सात दिवस पाणी मारावे. मसाला भरण्यापूर्वी खाचेतील माती व साचलेले पाणी काढावे. बाजू ओलसर असाव्यात, पण तळाशी पाणी नसावे. मसाला भरल्यावरही सात दिवस थांबून मगच नट पक्के आवळावेत.

पुढे एखादा नट वरचेवर सैल होऊ लागला, किंवा बोल्टभोवती केसासारखी गोल चीर दिसून त्यातून तेल पाझरू लागले, तर खाचेतील मसाला सुटला आहे असे समजावे. अशा वेळी नट आवळत बसू नये. इंजिन थांबवून ती खाच कोरून साफ करावी आणि नव्याने भरावी.