काटकसरी, मितव्ययी, चिक्कू आणि कृपण

एका आषाढी वारीत आमची दिंडी लोणंद सोडून तरडगावच्या वाटेला लागली होती. दुपारी गावकऱ्यांनी पिठले-भाकरी पोटभर वाढली. म्हणून आमची कोठी सांभाळणाऱ्या बुवांनी दुपारचा शिधा काढलाच नाही, आणि संध्याकाळचा शिऱ्याचा बेतही मोडला. मागच्या रांगेतला एक तरुण गडी म्हणाला, "बुवा भारी चिक्कू आहेत!" शेजारच्या आजीबाईंनी त्याला तिथेच अडवले. "चिक्कू नव्हे रे बाबा, काटकसरी म्हण."

माणूस एक, त्याची करणी एक, आणि शब्द मात्र दोन. त्यांतला एक शाबासकीचा, तर दुसरा शिवीच्या जवळचा. तेव्हा खरा शब्द कोणता, हे कशावरून ठरवावे?

आधी बुवांनी केले काय ते पाहू. आमच्या दिंडीत माणसे 120. माणशी 100 ग्रॅम तांदूळ आणि 50 ग्रॅम डाळ धरली, तर एका वेळेला 12 किलो तांदूळ आणि 6 किलो डाळ लागते. गावाने जेवू घातले म्हणून तेवढे धान्य कोठीत राहिले, आणि कोणी उपाशीही राहिले नाही. हीच काटकसर. या शब्दात 'काट' हे काटण्यातले आहे. 'कसर' हा मुळात अरबी, त्याचा अर्थ तुटलेला तुकडा, उणे राहिलेला भाग. वाया जाणारा तेवढा तुकडा काटायचा, कामाचे ते काटायचे नाही, असा हा शब्द आहे. कोंड्याचा मांडा करणारी गृहिणी ती काटकसरी. तिच्या घरात पानावर मांडा पडतोच, हे विसरू नये. कोंडा वाढून ती मोकळी झाली असती, तर तिला हा मान मिळाला नसता.

चार दिवसांनी मात्र त्याच बुवांच्या हातून चूक झाली. वाटेत डाळ भरताना किलोमागे 10 रुपये स्वस्त म्हणून त्यांनी 40 किलो जुनी डाळ घेतली. वाचले 400 रुपये. जुनी डाळ आधीच निबर, त्यात मुक्कामावर बोअरचे जड पाणी. डाळ शिजता शिजेना. रोज दुप्पट वेळ शेगडी पेटती राहिली, आणि गॅसचा एक जादा सिलिंडर आणावा लागला. त्याचे पैसे वाचलेल्या चारशेहून कितीतरी जास्त! शिवाय जेवायला उशीर होई, तो वेगळाच. म्हातारी माणसे दिवसभर चालून दमलेली, ती अर्धपोटी आडवी होत. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, ते असे. या दिवशी त्या तरुणाने 'चिक्कू' म्हटले असते, तर आजीबाईंनाही काही बोलता आले नसते. कारण वाचवले बुवांनी आणि भोगले दुसऱ्यांनी. चिक्कू शब्द ऐकताच कानाला चिकट शब्द आठवतो. पैसा जणू बोटांना चिकटून बसतो, समोरच्याच्या हातावर सुटत नाही.

म्हणजे बुवा काटकसरी की चिक्कू? माझ्या मते हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. हे दोन शब्द माणसापेक्षा त्याच्या कृत्याला अधिक शोभतात. काटकसर ही करायची असते, हात आखडता घ्यायचा असतो. आज केले, उद्या नाही. एकच माणूस सोमवारी एका शब्दाचा धनी होतो आणि शुक्रवारी दुसऱ्याचा.

उरलेले दोन शब्द असे हलके नाहीत. मितव्ययी म्हणजे मोजका व्यय करणारा. काटकसरी माणूस थोड्यात पुष्कळ साधतो. मितव्ययी माणसाला मुळात लागतेच थोडे. काटकसरी बाई बाजारात चार दुकाने फिरून लुगडे घेईल. मितव्ययी बाई दोन लुगड्यांत वर्ष काढील आणि बाजाराची वाटच धरणार नाही. हा एका दिवसाचा उद्योग नव्हे, ही राहणी आहे.

आता कृपण. चिक्कू आणि कृपण यांत लोक फरक करीत नाहीत, पण तो आहे आणि तो मोठा आहे. चिक्कू माणूस स्वतःच्या घरी तुपाची धार धरील, पाहुणा आला की तुपाचे भांडे फळीवर ठेवील. कृपणाला स्वतःच्या पानावरही तूप वाढवत नाही. चिक्कूने निदान एकाला तरी सुखात ठेवलेले असते. कृपणाने कोणालाच नाही.

आणि गंमत अशी की, बाहेरून पाहता कृपण आणि मितव्ययी हे अगदी सारखे दिसतात! दोघांचेही धोतर विरलेले, दोघांच्याही चपलेला अंगठा नवा लावलेला, दोघेही टपरीवरचा चहा न घेता पुढे जाणार. एक शब्द सर्वांत वरच्या पायरीचा, एक सर्वांत खालचा, आणि पेहराव एकच. म्हणून नुसते कपडे पाहून शब्द वापरणारा हमखास फसतो.

ओळखायची जागा एकच, अडीनडीची वेळ. मुलाला ताप भरला, दारी कोणी आले, की मितव्ययी माणसाचा हात सहज उघडतो, कारण त्याने पैसा धरलेलाच नसतो. त्याला तो लागत नव्हता एवढेच. कृपणाचा हात तेव्हा जास्तच घट्ट होतो. 'उद्या याहून मोठी अडचण आली तर?' असे तो म्हणतो. त्याचा तो उद्या काही उगवत नाही.

कृपण शब्दाचे मूळही पाहण्यासारखे आहे. संस्कृतात त्याचा जुना अर्थ दीन, बापुडवाणा, कीव यावी असा. 'कृपा' हा शब्द त्याचाच भाऊ. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य गार्गीला सांगतात की, ते अक्षर न जाणता जो या लोकातून जातो तो कृपण. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात फळाच्या आशेने कर्म करणाऱ्यांना भगवंतांनी हाच शब्द लावला आहे. तिथे पैशाचा संबंध नाही. हाती मोठे धन असून ज्याला ते भोगता आले नाही, त्याच्याविषयीची ती कणव आहे. मराठीत येता येता कणव गळाली आणि शिवी उरली. 'कवडीचुंबक' म्हणताना आपण हसतो. कृपण म्हणताना मुळात डोळ्यांत पाणी यायला हवे होते.

एक गोष्ट मात्र राहिली. पैसा कोणाचा, हे पाहिल्यावाचून यांतला कोणताही शब्द वापरता येत नाही. तुकोबांच्या चरित्रात कर्जखतांची कथा सांगतात. त्यांनी खते इंद्रायणीत सोडली, ती आपल्या वाट्याची. अर्धी कान्होबांना आधीच वाटून दिली होती. उदारपणा केला तो स्वतःच्या अर्ध्यावर. भावाच्या अर्ध्यावर उदार होण्याचा त्यांना हक्क नव्हता, आणि तो त्यांनी घेतला नाही.

आमच्या बुवांचा पैसा भिशीचा होता, 120 जणांनी मोजून दिलेला. वेळापूरच्या मुक्कामी एका वारकऱ्याला रात्री थंडी वाजून आली. बुवांनी कोणाला न विचारता गाडी केली, डॉक्टर गाठला, औषधाचे पैसे कोठीतून दिले आणि सकाळी वहीत लिहून ठेवले. त्याच बुवांनी स्वतःसाठी वाटेत घेतलेल्या चहाचे पैसे मात्र आपल्या कनवटीचे दिले होते. हे पंढरपुरात हिशेब वाचला तेव्हा समजले. चहाची नोंद वहीत कुठेच नव्हती, आणि जुन्या डाळीचा तोटा त्यांनी स्वतःच्या हाताने, स्वच्छ अक्षरात मांडला होता.